पुण्याहून बीकेसीला बदली: १३.८० चे १६.५० लाख, पण हातात नेमकं किती?

वाकडवासी

नमस्कार मंडळी. आमच्या टीमचं काम पुण्यातून मुंबईच्या बीकेसी ऑफिसला हलवताहेत. मला बदलीचं पत्र आलंय, पंधरा दिवसांत उत्तर द्यायचंय. सध्याचा सीटीसी १३.८० लाख, मुंबईला १६.५० लाख देतायत. म्हणजे जवळपास २० टक्के वाढ, महिन्याला साडेबावीस हजार. ऐकायला बरं वाटतं.

सध्या वाकडला टू बीएचके, भाडं २४ हजार. हिंजवडीला बाईकने जातो, पोचायला अर्धा तास. घरी आम्ही दोघं आणि चार वर्षांची मुलगी. ऑफिसला आठवड्यातून तीन दिवस जावं लागेल, मंगळ ते गुरू. मुंबईत ठाण्याला घोडबंदर रोडवर एक फ्लॅट मित्राने सुचवलाय, टू बीएचके, ३८ हजार.

मुंबई माहीत आहे ती घाटकोपरला मामाकडे सुट्टीत जाण्याइतपत. २० टक्के पुरतात का? कुठले खर्च माझ्या लक्षात येत नाहीयेत? तिथे राहणाऱ्यांनी कृपया सांगावं.

---

गिरगावचा_बंड्या

बीकेसीत ऑफिस आणि वाकडच्या भाड्यात घर हवं असेल तर कुर्ला स्टेशनच्या पुलाखाली चौकशी करा. हवा खेळती आहे.

(दिवे घ्या हो.)

---

कोष्टकवाला

सोपं आहे. दोन शहरांच्या महागाईची तुलना देणारी संकेतस्थळं असतात. मी मुंबईला पुण्याच्या १.४ पट धरतो. १३.८० गुणिले १.४ म्हणजे १९.३२ लाख. त्याखाली मिळत असेल तर जाऊ नका. भावनेला यात जागा नाही.

---

स्वप्नील७७

कोष्टकवाले, तुम्ही कर विसरलात. मुंबई मेट्रो शहर आहे, एचआरएची सवलत मूळ पगाराच्या ५० टक्क्यांपर्यंत मिळते. ३८ हजार भाडं भरलं तर वर्षाला साडेचार लाख होतात, त्यातला मोठा भाग करातून सुटेल. वाढलेल्या भाड्याचा बराचसा भार सरकारच उचलतं. बिनधास्त जा.

---

पगारपत्रक

वीस वर्षं पगार विभागात गेली, म्हणून लिहितो. लांब होईल.

आधी साडेबावीस हजारांचं बघू. वाकडवासी, तुमच्या पत्रात मूळ पगार सीटीसीच्या निम्मा आणि पीएफ त्यावर पूर्ण १२ टक्के असेल असं धरतो. व्हेरिएबल नाही असंही धरतो. वेगळं असेल तर सांगा.

आज १३.८० लाखांतून कंपनीच्या वाट्याचा पीएफ आणि ग्रॅच्युइटी काढली की तुमचा ढोबळ पगार उरतो सुमारे १२.६४ लाख. नव्या करप्रणालीत ७५ हजारांची प्रमाणित वजावट काढल्यावर करपात्र रक्कम १२ लाखांच्या आत राहते. म्हणजे आज तुम्ही आयकर शून्य भरता. बरोबर?

१६.५० लाखांत हेच केलं तर ढोबळ पगार १५.११ लाख, वजावटीनंतर करपात्र १४.३६ लाख. १२ लाखांपर्यंतची सूट आता मिळत नाही, त्यामुळे ४ लाखांच्या वरच्या सगळ्या पायऱ्यांवर कर लागतो. सेससकट सुमारे ९९ हजार. शून्यावरून थेट ९९ हजारांवर.

तर महिन्याला वाढलेल्या २२,५०० चं असं होतं: सुमारे ८,३०० आयकर, १,३५० तुमचा पीएफ, १,३५० कंपनीचा पीएफ, साडेपाचशे ग्रॅच्युइटी. बँकेत जास्तीचे येतात ११ हजार. आज तुम्हाला महिना ९८ हजारांच्या आसपास मिळत असतील, तिथे १ लाख ९ हजार मिळतील. पीएफचे २,७०० तुमचेच आहेत, बुडत नाहीत, पण त्यातून घरभाडं देता येत नाही.

ज्यांचा पगार आज १२.७५ लाखांच्या जरा खाली आहे, त्यांना बदलीच्या वाढीतला सर्वांत मोठा घास कराला द्यावा लागतो. आधीच १८-२० लाखांवर असणाऱ्याला २० टक्के वाढीत एवढी खोट बसत नाही. म्हणून दुसऱ्याची टक्केवारी ऐकून उपयोग नाही.

स्वप्नील, एचआरएबद्दल. तुमचं म्हणणं जुन्या प्रणालीत बरोबर आहे, नव्या प्रणालीत ही सूट मिळतच नाही. आणि जुन्यातही ५० टक्क्यांची मर्यादा इथे आड येत नाही, कारण तीन रकमांतली सर्वांत लहान धरतात. यांच्या बाबतीत लहान आहे ती भाडं वजा मूळ पगाराचे १० टक्के. ४.५६ लाखांतून ८२,५०० गेले, राहिले ३.७३ लाख. ही सूट, कलम ८०सी चे पूर्ण दीड लाख, २५ हजारांचा आरोग्य विमा, सगळं वापरलं तरी जुन्या प्रणालीत कर येतो सुमारे ९८ हजार. म्हणजे नव्या प्रणालीपेक्षा हजारभर रुपये कमी. त्यासाठी घरमालकाचा पॅन मागा, पावत्या जपा. आणि भाडं ३८ च्या खाली गेलं की तोही फायदा संपतो.

---

वाकडवासी

पगारपत्रक, मनापासून आभार. मूळ पगार निम्माच आहे, व्हेरिएबल नाही. आज कर शून्य हेही बरोबर. २२ हजारांचे ११ झाले हे वाचून बायकोला हाक मारून दाखवलं.

---

स्वप्नील७७

ठीक. मी अजून जुन्या प्रणालीत आहे, गृहकर्जामुळे. त्यामुळे तसं लिहिलं. पण ज्याचं कर्ज आहे त्याला माझा मुद्दा लागू आहे.

---

पगारपत्रक

स्वतः राहता त्या घराचं कर्ज असेल तर हो, नक्कीच तपासून बघावं.

कोष्टकवाले, आता तुमच्या १.४ कडे येतो. आकडा बरोबर की चूक ते सोडा. तो तुम्ही संपूर्ण पगाराला गुणताय, तिथे गडबड आहे. वाकडवासी दरमहा काही रक्कम एसआयपीत टाकत असतील. ती मुंबईत गेल्याने १.४ पट होत नाही. फोनचं बिल, विम्याचा हप्ता, ऑनलाइन घेतलेले बूट, सगळं दोन्हीकडे सारखं. महाग होतं ते घर आणि घराभोवतीचं थोडंसं. ज्याच्या पगाराचे ४० टक्के शिल्लक पडतात त्याला तुमच्या पद्धतीने फार मोठी वाढ मागावी लागेल. ज्याची शिल्लक शून्य आहे त्याला कदाचित कमी पडेल. आणि अशा सरासरीत घरभाडं शहराचं म्हणून एक धरतात. मुंबईला एक भाडं असतं का? दादरला विचारा, मग बदलापूरला विचारा.

---

कोष्टकवाला

शिल्लक वेगळी काढायला हवी हे मान्य. पण निर्देशांक अगदीच टाकाऊ नाही. दिल्ली की मुंबई असं अनोळखी शहर असेल तर सुरुवात कुठून करणार? मी आकडा मागे घेत नाही, पद्धत सुधारतो.

---

मुंबईत_घर_घ्याच

भाडं म्हणजे पाण्यात टाकलेले पैसे. मी २००९ ला कांदिवलीला घेतलं, आज बघा कुठे आहे. १६.५० लाखांवर कर्ज सहज मिळेल. टिटवाळ्यापासून बघायला सुरुवात करा.

---

गिरगावचा_बंड्या

साहेब, त्यांनी पंधरा दिवसांत पत्राला उत्तर द्यायचंय, सात-बारा काढायला सांगितलेला नाही.

---

डोंबिवलीकर_मनोज

मी डोंबिवली पूर्वेला राहतो, टू बीएचके, भाडं २० हजार, स्टेशनपासून चालत बारा मिनिटं. ऑफिस बीकेसीतच. फास्ट लोकलने कुर्ला, तिथून शेअर रिक्षा. घर ते खुर्ची दीड तास, कधी पावणेदोन. सकाळी आठच्या गाडीत चढणं हा प्रकार पुण्याच्या माणसाला पहिले दोन महिने अंगावर येईल, हे खोटं कशाला बोलू. फर्स्ट क्लासचा पास सेकंडच्या तिप्पट-चौपट पडतो आणि गर्दी तिथेही आहे, फक्त भांडणं इंग्रजीत होतात.

तीन दिवसच जायचं असेल तर जमतं. पाच दिवस असते तर मी नको म्हटलं असतं.

---

खारघरची_अदिती

वाकडवासी, घोडबंदरचा फ्लॅट घेण्याआधी एक करा. मंगळवारी सकाळी आठ वाजता त्या सोसायटीच्या गेटवर उभे राहा आणि बीकेसीला पोचून दाखवा. मी तीन वर्षं कासारवडवलीला होते. सोसायटी ते ठाणे स्टेशन हाच मुख्य प्रवास. बस मिळाली आणि रस्ता मोकळा असला तर अर्धा तास, नाहीतर तासभर. त्यानंतर खरी लोकल सुरू होते. नकाशावर ठाणे डोंबिवलीपेक्षा कितीतरी जवळ दिसतं, पण मला डोंबिवलीच्या मैत्रिणीइतकाच वेळ लागायचा. भाडं मात्र तिच्या जवळजवळ दुप्पट.

आता खारघरला आहोत, स्टेशनच्या बाजूच्या सेक्टरमध्ये. टू बीएचके, २८ हजार. हार्बरला फास्ट गाडी नाही, पण पनवेलहून येणाऱ्या गाडीत खारघरला निदान आत शिरता तरी येतं. कुर्ल्याला उतरून बीकेसी. दीड तास मलाही लागतो. रात्री उशीर झाला तर मात्र हार्बरच्या गाड्या कमी होतात, तो एक तोटा. आणि रविवारच्या मेगाब्लॉकला घरी बसायचं.

थोडक्यात, ऑफिसपासून अंतर बघू नका. स्टेशनपर्यंत चालत जाता येतं का तेवढं बघा.

---

मरोळचा_मिलिंद

बीकेसी म्हटल्यावर सगळे कुर्ला-वांद्र्यालाच का अडकलेत? मेट्रो ३ आता आरेपासून कफ परेडपर्यंत धावते आणि बीकेसीला तिचं स्टेशन आहे. मरोळ नाक्याला बसलो की रिक्षावाल्याचं तोंड न बघता ऑफिस. घाटकोपरहून मेट्रो १ ने मरोळ नाका आणि तिथे बदलून मेट्रो ३, हाही मार्ग आहे. तुमचे मामा घाटकोपरला आहेत म्हणता, त्यांना विचारा.

भाडं विचाराल तर वन बीएचकेला ४० च्या आत चांगलं काही मिळणं कठीण. पण मी रोज दोन तास वाचवतो. माझ्या तासाची किंमत ५०० रुपये धरली तरी महिन्याचे वीसेक हजार होतात. म्हणजे महाग घरच स्वस्त पडतं.

---

डोंबिवलीकर_मनोज

मिलिंदराव, ते वीस हजार तुम्हाला कोण देतं? वाचलेल्या दोन तासांत तुम्ही शिकवण्या घेता का? मी तर लोकलमध्ये झोप काढतो, ती धरली तर माझेच पैसे वाचतात.

---

मरोळचा_मिलिंद

मुलाला मी झोपण्याआधी भेटतो. त्याची पावती नसते.

---

पगारपत्रक

या वादात मी पडत नाही, पण हिशेब मांडताना तासाचे रुपये करून भाड्यात मिसळू नका. रुपयांची बेरीज वेगळी ठेवा आणि तास बाजूला वेगळे लिहा. मिसळले की हवं ते उत्तर काढता येतं. आणि तुम्हाला तीनच दिवस जायचंय, म्हणून मिलिंद यांची बचत तुमच्यासाठी तेवढी नाही.

वाकडवासींसाठी दोन घरांची बेरीज करतो. सगळं 'पुण्यापेक्षा जास्त किती' एवढंच. हिशेब दोन वर्षांचा, कारण एकदाच होणारे खर्च कुठेतरी वाटून टाकावे लागतात.

आधी घोडबंदर. भाडं १४ हजार जास्त. कामवाली, दूध, भाजी, मुलीची शाळा मिळून दोन हजार जास्त धरतो, यात मतभेद होऊ शकतो. पुण्याला आईवडिलांकडे महिन्यातून एकदा, दोन हजार. पास आणि शेअर रिक्षा मिळून जेवढे जातील साधारण तेवढे बाईकच्या पेट्रोल-देखभालीचे वाचतील, म्हणून तिथे शून्य. एकदाचे खर्च: दलालाला एक महिन्याचं भाडं, कराराची नोंदणी, मुलीचा नवा प्रवेश, पडदे, गॅस, किरकोळ, मिळून ७०-७२ हजार, दोन वर्षांत वाटले तर महिना तीन हजार. डिपॉझिटची रक्कम परत येते, म्हणून तो खर्च नाही. पण पुण्यात दोन महिन्यांचं दिलं असेल आणि इथे चार मागितले तर लाखभर रुपये जास्तीचे अडकतात. त्यावरचं मुदत ठेवीचं व्याज महिना सहाशे. एकूण २१,६००. हातात वाढले ११,०००. दरमहा साडेदहा हजारांचा खड्डा.

आता खारघर. भाडं चार हजार जास्त, घरखर्च आणि पुण्याच्या फेऱ्या तेवढ्याच, एकदाचे खर्च थोडे कमी कारण दलाली कमी, डिपॉझिट कमी. एकूण १०,८००. म्हणजे जेवढं वाढलं तेवढं गेलं, तुम्ही आज जिथे आहात तिथेच.

घोडबंदरला राहून आजच्याइतकी शिल्लक हवी असेल तर किती मागायचं? तुमच्या या पट्ट्यात सीटीसीत एक लाख वाढले की हातात महिना ५,९०० येतात. साडेदहा हजारांसाठी पावणेदोन-दोन लाख आणखी. म्हणजे साडेअठराच्या आसपास, आजच्यापेक्षा ३३-३४ टक्के वर.

---

खारघरची_अदिती

यात दुसऱ्या वर्षाची भाडेवाढ धरा. अकरा महिन्यांचा करार संपला की पाच ते दहा टक्के वाढ मागतात, आणि काही दलाल नूतनीकरणालाही अर्धा महिना घेतात. आधीच करारात वाढीचा टक्का लिहून घ्या. आमच्या आधीच्या मालकाने तोंडी पाच सांगून ऐनवेळी पंधरा मागितले होते.

करार नोंदवलेलाच घ्या. नोंदणी करणं ही कायद्याने मालकाची जबाबदारी आहे, पण पैसे कोण भरणार ते आधी ठरवा.

---

कोष्टकवाला

पगारपत्रक यांच्या आकड्यांनुसार ठाण्यासाठी ३३ टक्के. मी ४० सांगितले होते. फार लांब नव्हतो. :)

---

पगारपत्रक

आणि खारघरसाठी २० टक्के. एकाच शहरात, एकाच ऑफिसला जाणाऱ्या एकाच माणसाला. म्हणून म्हणतो, शहराचा टक्का नसतो.

---

नीलाक्षी

एवढा वेळ वाचतेय आणि कोणीच विचारलं नाही, म्हणून विचारते. वहिनी काय करतात?

---

वाकडवासी

ती घरी गणिताचे क्लास घेते. आठवी ते दहावी. नोकरी नाही.

---

नीलाक्षी

महिन्याला किती येतात?

---

वाकडवासी

सरासरी १८ हजार. परीक्षेच्या आधी जास्त, मे महिन्यात काहीच नाही. वर्षाची सरासरी धरली तर १८.

---

नीलाक्षी

मग हे १८ हजार धाग्यात कुठेच नाहीत! माझ्या नवऱ्याची नाशिकहून मुंबईला बदली झाली तेव्हा मी शिवणकाम करायचे, 'नोकरी नाही' म्हणून त्याच्या कागदावर माझा रकाना शून्य होता. क्लासला, शिवणाला, ब्युटी पार्लरला नेमणूकपत्र नसतं, पण गिऱ्हाईक त्या गल्लीचं असतं. नव्या सोसायटीत नाव व्हायला दोन शैक्षणिक वर्षं जातात. शिवाय मुंबईत भाड्याच्या घरात क्लास चालवायला सगळेच मालक किंवा सोसायट्या परवानगी देत नाहीत, ते करार करण्याआधी विचारा. टू बीएचकेच हवा म्हणता तो बहुधा त्या क्लाससाठीच ना?

---

वाकडवासी

हो. एक खोली क्लासची आहे.

---

पगारपत्रक

नीलाक्षीताई, हा आकडा सगळ्यांत मोठा निघाला. १८ हजारांवर त्यांना आयकर लागत नाही, म्हणजे ते पूर्ण हातात पडतात. पगारातून तेवढे भरून काढायचे तर सीटीसीत तीन लाखांहून जास्त लागतील, कारण पायरीही बदलते. खारघर असो की घोडबंदर, या वाढीत बदली तोट्याचीच आहे. काही मुलं ऑनलाइन टिकली तर तेवढा तोटा कमी.

---

जुना_पासधारक

पुणे-मुंबई अपडाउन करत नोकरी केलेल्यांपैकी मी एक. डेक्कन क्वीनने सव्वासातला निघून साडेदहाच्या आत व्हीटी. पासधारकांच्या डब्यात पत्ते, भजन, लग्नं जुळवणं, सगळं चालायचं. पण तेव्हा ऑफिस फोर्टात होतं आणि घर शिवाजीनगरला. बीकेसीसाठी दादरला उतरून उलटं यायचं, आणि तुम्ही वाकडहून आधी स्टेशनला येणार. रोज करू नका, गुडघे जातात.

पण मंगळ ते गुरू आहे ना? मग रात्री दोनच. मंगळवारी पहाटे निघायचं, गुरुवारी संध्याकाळी परत. संसार वाकडलाच राहू द्या.

---

मरोळचा_मिलिंद

कुर्ला, चुनाभट्टी, घाटकोपर भागात दोघांत एक खोली, पीजी १२ ते १४ हजारांत मिळते. महिन्याला चार फेऱ्या, बाहेरचं जेवण धरून १८ हजारांच्या आत बसेल. मामांकडे दोन रात्री राहता आलं तर आणखी कमी.

---

गिरगावचा_बंड्या

मामा पहिले तीन महिने 'अरे ये की' म्हणतात. चौथ्या महिन्यात मामी पाहुण्यांच्या अंथरुणाला ऊन दाखवणं बंद करते. पीजी बघा.

---

पगारपत्रक

१८ हजार खर्च, ११ हजार वाढ. दरमहा सात हजारांचा तोटा, पण क्लास वाचतो, मुलीची शाळा वाचते, दलाली नाही, डिपॉझिट किरकोळ. कंपनीने सीटीसीत सव्वा-दीड लाख वाढवले की बरोबरी होते. आतापर्यंतच्या पर्यायांत रुपयांच्या दृष्टीने हा बरा. जोखीम एकच, तीन दिवसांचे पाच केले तर सगळं कोसळतं. पत्रात तीन दिवस लिहिलेत की फक्त साहेब बोललेत?

---

वाकडवासी

साहेब बोललेत.

---

डोंबिवलीकर_मनोज

आमच्याकडेही साहेबच बोलले होते. सहा महिन्यांत चार दिवस झाले.

---

नीलाक्षी

आणि चार वर्षांच्या मुलीसोबत तीन दिवस एकटीने, संध्याकाळी क्लासही. तो हिशेब वहिनींना करू दे, धाग्यावर नको.

---

वाकडवासी

मंडळी, काल एचआरशी बोललो. दोन आकडे घेऊन गेलो, हातात वाढतात ते ११ हजार आणि घोडबंदरचे २१,६००. त्यांनी कर शून्यावरून ९९ हजारांवर जातो हे आधी मानलंच नाही, मग स्वतःच्या गणकयंत्रावर करून बघितलं. सीटीसी वाढवायला नाही म्हणाले, त्या श्रेणीची मर्यादा आहे म्हणे. पण वर्षाला दीड लाख 'स्थलांतर भत्ता' देऊ शकतील, शिवाय सामान हलवण्यासाठी ५० हजार एकरकमी. तीन दिवसांचं पत्रात लिहिण्याबद्दल वरिष्ठांना विचारून सांगतो म्हणाले. पाच दिवस उरलेत.

---

पगारपत्रक

तीन गोष्टी विचारा. भत्ता किती वर्षांसाठी आहे? दोन वर्षांनी बंद होणारा असेल तर भाडं तोवर वाढलेलं असेल आणि तुमचा पगार घटलेला. पुढची वार्षिक वाढ भत्ता धरून की वगळून? आणि वर्षाच्या आत सोडलं किंवा पुण्याला परत बदली मागितली तर तो वसूल करणार का?

भत्त्यावर पीएफ बसत नसेल तर दीड लाखातले कर जाऊन महिना साडेदहा हजार हातात येतील, सीटीसीतल्या दीड लाखांपेक्षा जास्त. म्हणजे लगेचच्या हिशेबात भत्ता वाईट नाही.

५० हजार एकरकमी घेऊ नका, त्यावर कर कापतील. सामान हलवण्याचं बिल आणा, आम्ही पावतीवर भरू, असं लिहून घ्या. बदलीसाठी प्रत्यक्ष झालेल्या खर्चाची अशी भरपाई नव्या प्रणालीतही करमुक्त आहे. पीजीचा मार्ग घेतलात तर सामानच हलणार नाही, मग ते पैसे सोडावे लागतील.

---

कोष्टकवाला

साडेदहा मिळाले तर वाढ २१,५०० झाली, घोडबंदरचा खर्च २१,६००. जमलं की!

---

नीलाक्षी

क्लासचे १८ पुन्हा विसरलात.

---

वाकडवासी

नाही विसरलो. ती म्हणते दहावीची बॅच मार्चपर्यंत सोडणार नाही. म्हणून तोवर पीजी, मार्चनंतर खारघर बघू, असं डोक्यात आहे. पण ते तीन दिवस पत्रात आले तरच. नाहीतर पुण्यातच दुसरी नोकरी शोधायला लागतो.

अदिती, खारघरला स्टेशनच्या बाजूचे सेक्टर नेमके कुठले? आणि तिथे क्लासला परवानगी देणाऱ्या सोसायट्या माहीत आहेत का?

---

खारघरची_अदिती

व्यनि केलाय. आमच्या इमारतीत एक बाई चित्रकलेचा क्लास घेतात, त्यांनी आधी सोसायटीकडून लेखी घेतलं होतं. सेक्रेटरीशी बोलून रविवारपर्यंत कळवते.